दोन रिग्रेशन रेषा: r एकाच्या वर का गेला?

प्रश्न: बोरिवली स्टेशनपासून चालत लागणारी मिनिटं x, वन-आरकेचं भाडं हजारांत y. सरावाच्या गणितात 6x + 5y = 210 आणि 10x + 3y = 190 या दोन रिग्रेशन रेषा दिल्यात. माझा r चक्क -1.67 येतोय! आणि मुळात दोन रेषा कशाला? एकच उलटी करून चालत नाही का?

उत्तर: r चं मूल्य १ च्या पलीकडे गेलं की रेषांची अदलाबदल झाली असं समज. तू पहिलीतून x सोडवलास आणि दुसरीतून y. उलट करून बघ:

```
y = 42 - 1.2x     b_yx = -1.2
x = 19 - 0.3y     b_xy = -0.3
```

या दोन गुणांकांचा गुणाकार ०.३६, आणि तोच r². दोन्ही गुणांक ऋण आहेत म्हणून r = -०.६. वर्गमूळ काढल्यावर हे चिन्ह विसरून हातचे मार्क घालवणारे दरवर्षी भेटतात. तुझ्या जोडीचा गुणाकार २.७८ होता, म्हणजे १/०.३६. चुकीच्या जोडीचा गुणाकार नेहमी असा व्यस्तच येतो, त्यामुळे कुठली जोडी खरी याचा निकाल लगेच लागतो.

गुणाकार r² का होतो? b_yx = r·σy/σx आणि b_xy = r·σx/σy. गुणल्यावर σ कटतात. भाडं हजारांऐवजी रुपयांत घेतलंस तर b_yx होईल -१२०० आणि b_xy होईल -०.०००३, पण r जिथल्या तिथे. म्हणून नुसता b_yx मोठा दिसला म्हणून संबंध घट्ट आहे असं म्हणू नये.

आता एकच रेषा उलटी करण्याबद्दल. समज, भाडं २० हजार आहे आणि अंतराचा अंदाज हवाय. पहिली रेषा उलटी फिरवलीस तर x येतो सुमारे १८ मिनिटं. x on y मात्र १३ सांगते. फरक येतो कारण दोघींचं काम वेगळं आहे. y on x रेषा दिलेल्या अंतरावरच्या घरांचं सरासरी भाडं सांगते, म्हणून ती उभ्या दिशेतल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवते. x on y दिलेल्या भाड्याच्या घरांचं सरासरी अंतर सांगते, ती आडव्या चुका बघते. २० हजारांची सगळी घरं काही लांब आहेत म्हणून स्वस्त नाहीत. काही स्टेशनला खेटून असतील, पण इमारत जुनी, लिफ्ट नाही, पाण्याची बोंब. अशी घरं सरासरी अंतर खाली ओढतात, आणि ते १० मिनिटांच्या एकूण सरासरीकडे सरकतं. r जितका शून्याजवळ, तितकं हे सरकणं जास्त.

आलेखावर पडताळताना एक जपायचं: x on y चा तिथला उतार b_xy नसतो, १/b_xy असतो, इथे -३.३३. म्हणजे दोन रेषांपैकी जास्त उभी दिसणारी नेहमी x on y. दोन्ही (10, 30) या सरासरीच्या बिंदूत छेदतात, आणि r = ±१ असेल तरच एकमेकींवर बसतात. तेवढ्या एका प्रसंगी तुझं उलटं करणं चालेल.