आगेरु, कुरेरु, मोराउ: आधी दिशा बघ

अरे, जपानीतली देण्या-घेण्याची ही तिन्ही क्रियापदं पाठ करत बसू नकोस, आधी एवढंच बघ की फायदा कुणाकडे चाललाय. माझ्याकडून बाहेर किंवा दोन परक्या लोकांमध्ये असेल तर आगेरु, बाहेरून माझ्याकडे असेल तर कुरेरु. आणि "माझ्याकडे" मध्ये घरचेही येतात हं, म्हणून सरांनी माझ्या धाकट्या बहिणीला पुस्तक दिलं तर "सेन्सेइ गा इमोतो नि होन ओ कुरेता", इथे आगेता चालत नाही.

मोराउ मध्ये घेणारा कर्ता होतो, खरा गोंधळ इथेच. तानाकासाननी मला कांजी शिकवली हे दोन प्रकारे सांगता येतं: "तानाकासान गा ओशिएते कुरेता" किंवा "तानाकासान नि ओशिएते मोरात्ता". दोन्हीत शिकवणारे तानाकासानच, पण पहिल्यात कर्ता ते, त्यांनी आपणहून शिकवलं असं वाटतं, आणि दुसऱ्यात कर्ता मी, बऱ्याचदा मीच विनंती केली असा सूर येतो. त्यामुळे ऐकताना गा आहे की नि तिकडे कान ठेव, नि ऐकून शिकणारा तानाका समजलास की अर्थ पार उलटा.

मदत मिळाली असताना नुसतं "ओशिएता" म्हणू नकोस, कोरडं वाटतं, उपकार दिसतच नाहीत. आणि बॉसची बॅग उचलताना "मोत्ते आगेमास" तर अजिबात नको, मेहेरबानी केल्यासारखं वाटतं, तिथे सरळ "ओमोचि शिमास" म्हण.