जेवलीस की जेवलास?

“माझी मोठी बहीण ट्रान्स पुरुष आहे. माझ्या तोंडात अजून ‘ताई’च येतं. आणि नातेवाइकांना काय सांगायचं?”

आमच्याकडे, ठाण्यात नौपाड्यात, हे पाच वर्षांपूर्वी झालं. मी धाकटी. नवं नाव मला आठवड्याभरात जमलं, अडले ती क्रियापदांपाशी. मराठीत साधं ‘जेवलीस का’ विचारलं तरी त्यात समोरचा बाई की पुरुष हे येतंच. म्हणून आम्ही दोघंच असलो की मी मुद्दाम जास्त बोलायचे: कुठे होतास, कधी निघतोस, चहा घेतोस का. जुन्या आठवणी सांगतानाही ‘दादा पाचवीत असताना पडला होता’ असंच म्हणते. त्याला तसंच हवंय, हे मी त्याला विचारून घेतलं. तुम्हीही विचारा, प्रत्येकाचं सारखं नसतं.

चुकलं तर ‘आलीस... आलास’ एवढं करून पुढे जायचं. सुरुवातीला मी रडून माफी मागायचे आणि मग दादालाच माझी समजूत घालावी लागायची.

नातेवाइकांआधी दादाबरोबर बसून ठरवलं, कोणाला कळलंय, कोणाला मी सांगायचं, कोणाला अजून नाही. चुलत्यांकडे तेव्हा सांगायचं नव्हतं, म्हणून तिथे मी जुनंच नाव घ्यायचे, त्याच्याच सांगण्यावरून.

मामेबहिणीच्या साखरपुड्याला दादाला टेस्टोस्टेरॉन सुरू होऊन सहा महिने झाले होते, आवाज जड झाला होता. मामीला सांगायचं आमचं आधीच ठरलं होतं. तिनेच विचारलं, “हिचा घसा बसलाय का गं?” म्हटलं, “नाही मामी, त्याचा आवाज आता असाच राहणार,” आणि बाजूला नेऊन सगळं सांगितलं. पुढचा प्रश्न मला ठाऊकच होता. “मग ऑपरेशन झालं का?”

“मामी, तुझी पिशवी काढली तेव्हा कोणी मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं का?”

ती गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, “पण ऑपरेशनशिवाय पुरुष कसं म्हणायचं?” याचं मात्र मी नीट उत्तर दिलं. आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि त्यासाठी ऑपरेशनची अट घालणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात म्हटलंय. शरीराबद्दल विचारलं तर मी सांगत नाही. समजून घ्यायला विचारलं तर वेळ देते. मग मामीने विचारलं, “हाक काय मारू त्याला?” त्या ‘त्याला’मुळे मला भरून आलं.

काकांना नंतर दादाने स्वतःच सांगितलं. ते अजून ‘ती’ म्हणतात. “ती कधी येणार?” असं त्यांनी विचारलं, की मी म्हणते, “तो सोमवारी येतोय, काका.” दर वेळी, शांतपणे, एवढंच.