गुदद्वाराजवळची गाठ आणि ताप: मलम लावून थांबू नका

«चार दिवसांपासून संडासच्या जागेजवळ दुखरी गाठ आहे, बसवत नाही. कालपासून १०१ ताप. मेडिकलवाला मूळव्याधीचं मलम देतोय. अँटिबायोटिकने जिरेल की कापावंच लागेल?»

आजच सर्जनला दाखवा. मूळव्याधीची गाठही ठणकते, पण तिने सहसा ताप येत नाही. ताप आणि ठणका एकत्र असले की आधी गळवाचीच शंका घ्यायची.

गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं की आत जंतू वाढतात आणि पू वाट काढत कातडीखाली येऊन साठतो. औषध रक्तातून जातं, पण साठलेल्या पुवात रक्त फिरत नाही, म्हणून नुसत्या गोळ्यांनी गळू बरं होत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी हीच चूक केली. पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, ताप उतरला, ठणका निम्मा झाला. आठव्या दिवशी थंडी वाजून १०३ ताप आला आणि सूज दुसऱ्या बाजूलाही गेली. त्या रात्री कंबरेखाली भूल देऊन पू काढला. शुद्धीत होतो, भूल उतरल्यावर ताण गेल्याचं कळलं. जखमेला टाके घालत नाहीत, कारण ती तळापासून भरत यायला हवी. वरून आधी मिटली तर आत पुन्हा पू धरतो. शौचानंतर दरवेळी कोमट पाण्याच्या टबात बसायचो. भरायला महिना लागला.

गळवानंतर भगंदर, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत नळी, होण्याची भीती खरी आहे. पू काढल्यावरही साधारण तिघांतल्या एकाला, काही पाहण्यांत निम्म्या जणांना भगंदर होतं. ते कापल्यामुळे होत नाही. ग्रंथीचं आतलं तोंड उघडं राहिलं तर आतून बाहेरपर्यंत नळी तयार होते. पण उशीर केला की पू आणखी वाटा शोधतो आणि नळ्या गुंतागुंतीच्या होतात. माझ्या जखमेच्या जागी अडीच महिन्यांनी बारीक छिद्र राहिलं. ते स्रवायचं, मिटायचं, पुन्हा सुजायचं. एमआरआयमध्ये नळी दिसली, मग त्याचं वेगळं ऑपरेशन झालं. असं छिद्र तुम्हाला दिसलं तर परत दाखवा.

घरी सुईने फोडू नका, दाबू नका. कधीकधी पू खोल असतो, बाहेर गाठ दिसत नाही, नुसता ताप आणि आत ठणका असतो; तेव्हाही तपासणी हवीच.

मधुमेह असेल तर जास्त घाई करा. नसेल असं वाटलं तरी साखर तपासून घ्या, कित्येकांना तो अशा गळवामुळेच कळतो. सूज वृषणाकडे किंवा मांडीकडे सरकली, कातडी काळपट पडली, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पोहोचताच सांगा. भूल द्यावी लागेल, म्हणून निघण्यापूर्वी काही खाऊ नका; इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आधी फोन करून विचारा.