जर्मनीतल्या क्लायंटचा कॉल चुकला, माफीच्या मेसेजमध्ये काय लिहू?

प्रश्न: "मी कोथरूडमधून वेबसाइटची कामं करते. श्टुटगार्टमधल्या एका मराठी ताईंबरोबर दर सोमवारी दुपारी तीनला कॉल असतो. आज, 30 मार्चला, मी तीनला लिंक उघडली तर कोणीच नव्हतं. मग दिसलं की त्यांचे 'वाट बघतेय' असे मेसेज दोन वाजल्यानंतरचे आहेत. मी तर वेळेवर होते! तरी माफी मागायची का? आणि नवी वेळ कशी मागू?"

उत्तर: आधी कॅलेंडरमधलं आजचं आमंत्रण उघडून बघा. ते ताईंनी पाठवलेलं असेल, तर तिथे आज दुपारी दोनच दिसेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे काल पहाटे, जर्मनीतली घड्याळं एक तास पुढे गेली. हिवाळ्यात त्या आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, आता ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेतीन तास. त्यांच्याकडे कॉल नेहमीसारखा सकाळी साडेदहालाच होता, फक्त ते साडेदहा आता पुण्यातले दोन झाले. पुढे येत राहणारं आमंत्रण ज्याने बनवलं त्याच्या गावच्या वेळेला बांधलेलं असतं. ते आपोआप सरकलं. तुम्ही बहुधा आमंत्रण न बघता फोनच्या तीनच्या अलार्मवर विसंबलात.

तसं असेल तर माफी तुमचीच, आणि ती सरळ मागा. पण आमंत्रण तुम्ही पाठवलेलं असेल आणि त्यात पुण्याचे तीनच असतील, तर उलट त्यांच्याकडे ते साडेअकराला सरकलं होतं आणि त्या सवयीने साडेदहाला आल्या. तेव्हा "चूक माझी" लिहू नका. "घड्याळं बदलल्यामुळे आपली चुकामूक झाली, तुम्हाला थांबावं लागलं याचं वाईट वाटतं" एवढंच खरं आणि पुरेसं आहे.

मेसेज आजच पाठवा, आणि त्या जिथे वाट बघत होत्या त्याच चॅटवर. लगेच फोन लावू नका. एव्हाना त्या दुसऱ्या कामात असतील. आमंत्रण त्यांचं होतं असं धरून मी असं लिहीन:

"नमस्कार ताई, आजच्या कॉलला मी वेळेवर आले नाही, तुम्हाला वाट बघावी लागली, मनापासून माफ करा. काल तुमच्याकडची घड्याळं बदलली हे माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझीच. बुधवारी 1 एप्रिलला तुमच्या सकाळी 10.30 ला (पुण्यात दुपारी 2) किंवा गुरुवारी 2 एप्रिलला तुमच्या दुपारी 2 ला (पुण्यात संध्याकाळी 5.30) जमेल का? दोन्ही जमत नसतील तर तुमच्या सोयीची वेळ कळवा. आज दाखवणार होते तो पहिल्या पानाचा आराखडा सोबत पाठवतेय, कॉलच्या आधी बघून ठेवता येईल."

कारण एका वाक्यात संपवलंय. त्यापुढे अलार्म, नेट, घरची गडबड असं काही आलं की वाचणाऱ्याला माफी कमी आणि बचाव जास्त दिसतो. "तुम्हाला कधी जमेल?" एवढंच विचारणं मला पटत नाही. दिसायला नम्र, पण ज्यांचा वेळ गेला त्यांनाच पुन्हा कॅलेंडर उघडून बसायला लावतं. दोन वेळा द्या, एक सकाळची, एक दुपारची, म्हणजे त्यांचा अर्धा दिवस भरलेला असला तरी एक पर्याय उरतो. दोन्हीकडची वेळ लिहा, आणि त्यांची आधी. आज गोंधळ वेळेचाच झालाय, तेव्हा नुसतं "दुपारी दोनला" लिहिलंत तर पुन्हा तेच व्हायचं.

दिवस निवडताना त्यांच्या सुट्ट्या बघितल्या पाहिजेत. 3 एप्रिलला गुड फ्रायडे आहे आणि 6 एप्रिलला ईस्टर मंडे, दोन्ही दिवशी जर्मनीत सुट्टी असते. म्हणून बुधवार-गुरुवार हेच दिवस घेतले. पुढच्या सोमवारचा नेहमीचा कॉलही त्या सुट्टीत येतोय, तो ठेवायचा की नाही हे याच आठवड्याच्या कॉलमध्ये विचारून घ्या.

त्यांचा होकार आला की नवं आमंत्रण फक्त त्या एका दिवसाचं करा. दर सोमवारच्या आमंत्रणाला हात लावू नका, नाहीतर सगळेच सोमवार हलतील. तीनचा अलार्म काढून टाका आणि कॅलेंडरचीच सूचना चालू ठेवा. 25 ऑक्टोबरला त्यांची घड्याळं परत मागे जातील, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा कॉल कॅलेंडरमध्ये पुन्हा तीनला दिसेल. अमेरिकेतले क्लायंट असतील तर त्यांच्या तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला.