काळ्या ओळींआधी वेळ पाह्य

भाऊ, पेज हळू उघडतं म्हणून वायरशार्कमध्ये पॅकेट पकडले अन् काळ्या ओळी दिसल्या की लगेच नेटवर्कला शिव्या नको देऊ, हजारो पॅकेटात दोनचार रिट्रान्समिशन, म्हणजे परत पाठवलेले पॅकेट, असतातच. आधी `dns` फिल्टर लाव अन् प्रश्न ते उत्तर किती वेळ गेला ते पाह्य. लिनक्सवर 5 सेकंद शांतता अन् मग तोच प्रश्न दुसऱ्या डीएनएस सर्व्हरला गेलेला दिसला, तर पहिला उत्तरच देत नाहीये, साइटचा काय दोष!

मग जोडणीची मागणी SYN ते तिचं उत्तर SYN-ACK, यात किती वेळ गेला ते पाह्य. नागपूरहून मुंबईच्या सर्व्हरला हे पन्नासेक मिलिसेकंदाच्या आत व्हायला पाहिजे, 1 सेकंदानं तोच SYN परत गेला तर तो किंवा त्याचं उत्तर रस्त्यात हरवलं.

हे दोन्ही ठीक असलं तरच `tcp.analysis.retransmission` लाव. अन् हो, डीएनएस कॅश रिकामा कर, कॅप्चर सुरू कर, मगच पेज उघड, नाहीतर लुकअप दिसणारच नाही.