काचेतला लाल टॅली लाइटचा ठिपका काढताना

अरे, काचेमागची वस्तू शूट करताना कॅमेऱ्यावरच्या रेकॉर्डिंगच्या लाल दिव्याचं, म्हणजे टॅली लाइटचं, प्रतिबिंब काचेत आलं तर थेट ब्लर मारू नकोस, त्या जागी नुसता डाग दिसतो. आधी आरजीबी परेड, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख, उघड आणि ठिपक्यावर लाल चॅनेल वर जाऊन सपाट झालाय का बघ. झाला नसेल तर खालची वस्तू शाबूत आहे, कारण प्रतिबिंब म्हणजे वरून मिसळलेला जास्तीचा प्रकाश, मग मऊ कडांचा मास्क लावून तेवढ्याच भागात लाल कमी करत जा, बाजूच्या रंगाशी जुळेपर्यंत.

सपाट झाला असेल तर तिथला लाल डेटा गेलाच, पॅच लागणार. माझा एक शॉट होता, मूर्तीसमोरून काचेला समांतर स्लायडरवर सरकणारा कॅमेरा, आणि मी तासभर ठिपका ट्रॅक करत बसलो, नंतर लक्षात आलं की लाइट कॅमेऱ्यावरच असल्याने तो फ्रेममध्ये एकाच जागी राहतो, सरकते ती मूर्ती! म्हणून मास्क स्थिर ठेव, मूर्ती ट्रॅक कर आणि तोच भाग ठिपक्याबाहेर असलेल्या दहा-पंधरा फ्रेम पुढून पॅच घे. वर थोडा ग्रेन टाक, नाहीतर पॅच गुळगुळीत दिसतो. ट्रायपॉडवरच्या स्थिर शॉटमध्ये मात्र अशी स्वच्छ फ्रेम मिळत नाही, तिथे शेजारचा पोत क्लोन करावा लागतो. पुढच्या वेळी मेनूतून टॅली बंद कर किंवा काळी टेप लाव.