पत्राचा सूर मायन्यात नसतो, क्रियापदात असतो

प्रश्न: मुलगा दहावीला आहे, मराठी माध्यम. पत्रलेखनात मायना, विषय, समारोप सगळं जागच्या जागी लिहितो, तरी बाई 'भाषा पत्राला शोभत नाही' असा शेरा मारतात. औपचारिक की अनौपचारिक हे ठरवायचं कसं आणि पत्रभर ते टिकवायचं कसं?

उत्तर: मी बरीच वर्षं दहावीला मराठी शिकवते आणि हा शेरा मीही पुष्कळदा मारला आहे. मारल्यावर मुलांना नीट समजावून सांगायला हवं होतं, ते दर वेळी झालं नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी ठरवण्याचं बघू, ते सोपं आहे. हल्ली प्रश्नात बहुधा एखादी जाहिरात किंवा निवेदन देतात आणि त्यावरून दोन पत्रं सुचवतात: एक मागणीचं किंवा विनंतीचं, दुसरं अभिनंदनाचं. त्यातलं एकच लिहायचं असतं. मुलं 'ओळखीचा माणूस म्हणजे अनौपचारिक' असा हिशोब करतात आणि फसतात. ओळख बघू नका, काम बघा. रोपवाटिका सख्ख्या मामाची असली, तरी शाळेचा विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून रोपं मागायची असतील तर ते पत्र औपचारिकच. तिथे मामा हा मामा नाही, व्यवस्थापक आहे.

खरी गाडी घसरते ती पुढे. मायना घोकलेला असतो, समारोप घोकलेला असतो, मधलं मात्र स्वतः लिहायचं असतं. एका वहीतला मजकूर जवळपास तसाच देते. रोपवाटिकेच्या जाहिरातीवरून मागणीपत्र होतं:

> महोदय,
> मी आपणांस शाळेच्या वतीने पत्र लिहीत आहे. वनमहोत्सवानिमित्त आपण आपल्या मैदानाभोवती झाडे लावणार आहोत. तुमची जाहिरात बघितली, मस्त वाटली. आम्हाला कडुनिंबाची २० आणि करंजाची १० रोपं पाहिजेत. लवकर पाठवा, कारण सरांनी सांगितलंय की पाऊस आहे तोवर लावायची.

दुसरं वाक्य व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून वाचा. पहिल्या वाक्यातलं 'आपणांस' म्हणजे ते स्वतः. मग लगेच 'आपण आपल्या मैदानाभोवती' म्हणजे कोण? तेच झाडं लावणार आहेत की काय? मराठीत 'आपण'ची दोन कामं आहेत: समोरच्याला मान द्यायचा आणि 'तुम्ही-आम्ही मिळून' असंही सांगायचं. वर्गात बोलताना मूल दिवसभर दुसऱ्या अर्थाने 'आपली शाळा' म्हणतं, तेच पत्रात उतरतं. औपचारिक पत्रात 'आपण' आणि 'आपला' हे शब्द फक्त पत्र घेणाऱ्यासाठी राखून ठेवायचे. स्वतःच्या बाजूला 'मी', 'आम्ही', 'आमची शाळा'. समारोपातला 'आपला विश्वासू' यालाही हाच नियम लागू आहे, तिथेही 'आपला' म्हणजे पत्र घेणाऱ्याचाच.

पुढच्या वाक्यात 'तुमची' आलं. 'तुम्ही' उद्धट नाही, पण 'आपण'वरून 'तुम्ही'वर उतरलं की पायरी चुकल्यासारखं वाटतं. त्यानंतर 'मस्त', 'पाहिजेत', 'पाठवा', 'सांगितलंय'. यात व्याकरणाची चूक एकही नाही, म्हणूनच मुलाला शेरा कळत नाही. 'पाठवा' ही आज्ञा आहे. औपचारिक पत्रात विनंती 'वे-वा-वी'च्या रूपांनी जाते: कळवावे, पाठवावीत, मिळावीत. आणि 'रोपं', 'सांगितलंय' ही बोलण्यातली रूपं, तर त्याच पत्रात वर 'झाडे' लिहिलेलं आहे. एका परिच्छेदात 'झाडे' आणि 'रोपं' शेजारी आले की तपासणाऱ्याचा डोळा तिथेच अडकतो.

तेच पत्र सूर धरून:

> महोदय,
> वनमहोत्सवानिमित्त आमच्या शाळेच्या मैदानाभोवती झाडे लावण्याचे आम्ही ठरवले आहे. आपल्या रोपवाटिकेची जाहिरात वाचली. शाळांना रोपे सवलतीच्या दरात मिळतील, असे त्यात म्हटले आहे. आम्हाला कडुनिंबाची २० व करंजाची १० रोपे हवी आहेत. खड्डे खोदून तयार आहेत, त्यामुळे रोपे ५ जुलैपर्यंत मिळावीत, ही विनंती. रोपांची किंमत व वाहतुकीचा खर्च कृपया कळवावा.

यात 'उपरोक्त', 'सदर', 'तदनंतर' काही नाही, ते बघा. औपचारिक म्हणजे सरकारी परिपत्रक नव्हे. घाईचं कारणसुद्धा यात आहे, फक्त 'सरांनी सांगितलंय' याऐवजी 'खड्डे तयार आहेत' असं, म्हणजे रोपवाटिकेला ज्याचा उपयोग आहे ते.

आता उलटी चूक. त्याच जाहिरातीवरून, वृक्षसंवर्धन स्पर्धेत पहिल्या आलेल्या मित्राला पत्र. मायना 'प्रिय ओंकार' आणि खाली 'आपण मिळवलेले यश कौतुकास्पद आहे, आपल्या भावी वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'. हे चौकातल्या फ्लेक्सवर शोभतं. ओंकारने वाचलं तर त्याला वाटेल, हा माझ्यावर रागावलाय का? मी त्या मुलाला विचारलं, ओंकारने नक्की काय केलं होतं? त्याने सांगितलं तेच मग लिहायला लावलं:

> काल आईकडून कळलं, तुझा पहिला नंबर आला! उन्हाळ्यात तू रोज बादलीने त्या वडाला पाणी घालायचास आणि आम्ही तुला हसायचो. आता हसायची सोय राहिली नाही.

इथे 'कळलं' चालतं, 'तू' तर हवाच. तुमच्या बाईंना अनौपचारिक पत्रातही 'कळले'च हवं असेल, तर तसं लिहा. फक्त जे रूप धराल ते शेवटच्या ओळीपर्यंत धरा.

अनौपचारिक म्हणजे 'तू' असंही नाही, बरं का. काकांना, शिक्षकांना पत्र असेल तर 'तुम्ही' आणि त्याला साजेसं क्रियापद. आईची गंमत वेगळी आहे. मायन्यात 'तीर्थरूप आईस, साष्टांग नमस्कार' आणि खाली 'तू कशी आहेस?' मुलं विचारतात, हे विसंगत नाही का? नाही. मान मायन्यात दिला, जवळीक 'तू'मध्ये आहे, आणि मराठी घरांत दोन्ही सुखाने नांदतात. विसंगत होतं ते दुसऱ्या परिच्छेदात आईला एकदम 'आपली प्रकृती कशी आहे' विचारलं की.

मुलाला एक सवय लावा. पत्राला हात घालण्याआधी पेन्सिलने बारीक दोन शब्द लिहायचे: पहिला समोरच्यासाठी, दुसरा स्वतःसाठी. मागणीपत्राला 'आपण – आम्ही', मित्राला 'तू – मी', काकांना 'तुम्ही – मी'. पत्र झालं की मजकूर परत वाचायचा नाही, कारण आपलंच लिहिलेलं वाचताना अर्थ कळतो आणि चूक दिसत नाही. फक्त सर्वनामं आणि वाक्याच्या शेवटची क्रियापदं यांवरून बोट फिरवायचं आणि ती पेन्सिलच्या जोडीशी जुळतात का ते बघायचं. वरच्या चुकलेल्या पत्रावर हे करून बघा: दुसऱ्या वाक्यातलं 'आपण', मग 'तुमची', 'पाहिजेत', 'पाठवा', 'सांगितलंय'. मिनिटभरात पाच ठिकाणी बोट थांबतं. मग पेन्सिल खोडून टाकायला सांगा, माझ्या एका विद्यार्थिनीने पूर्वपरीक्षेत 'आपण – आम्ही' तसंच ठेवलं होतं आणि तपासताना मला वाटलं, हाच पत्राचा विषय.